चार कुरिअर, एक अहवाल: सगळ्यांच्या स्थिती एका यादीत कशा बसवाव्यात?

टॉवेलघर

नमस्कार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेल आणि चादरींचा छोटा कारखाना आहे. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही थेट ग्राहकांनाही माल पाठवतो. डिस्पॅच आणि त्याचा हिशेब ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. तीन खासगी कुरिअर आणि स्पीड पोस्ट अशा चार मार्गांनी पार्सले जातात, आणि महिनाअखेरीस मालकांना सगळ्यांचा मिळून एक अहवाल द्यावा लागतो. खासगी कुरिअरना मी इथे क, ख आणि ग म्हणेन.

प्रत्येकाची फाइल वेगळी आणि प्रत्येकाचे शब्द वेगळे. चारही फाइलींत मिळून स्थितीचे 31 वेगवेगळे शब्द मला सापडले. त्यांची मी ‘पोहोचले’, ‘वाटेत’ आणि ‘परत’ अशा तीन गटांत वाटणी केली. एका बाजूला कुरिअरचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला आमचा शब्द असा दोन रकान्यांचा तक्ता केला आणि तो सूत्राने जोडला. जो शब्द तक्त्यात नसेल तो आपोआप ‘वाटेत’ धरला जातो.

मे महिन्यात एकूण 640 पार्सले गेली. अहवालात 571 पोहोचली, 41 वाटेत आणि 28 परत असे आकडे आले. बेरीज बरोबर आहे, पण पैशांचा मेळ बसत नाही. अहवालाप्रमाणे सीओडीची 358 पार्सले पोहोचलेली आहेत, आणि कुरिअरकडून पैसे मात्र 331 पार्सलांचेच आले आहेत. 27 पार्सलांचे पैसे कुठे अडकले, हे मालकांनी विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

माझे प्रश्न दोन आहेत. समाईक यादीत नेमक्या किती स्थिती असाव्यात? आणि माझ्या तक्त्यात चूक नेमकी कुठे आहे, हे कसे शोधावे?

नवीपेठ_नितीन

ताई, आमचे कापडाचे दुकान आहे आणि आम्हीही सीओडी करतो. कुरिअरवाले पैसे उशिरा देतातच. करारात जेवढे दिवस लिहिलेले असतात त्याहून चार दिवस जास्त धरा. माझ्या मते तुमचा तक्ता ठीक आहे, पैसे मागे आहेत एवढेच.

टॉवेलघर

नितीनजी, तो विचार मी आधी केला होता. त्या 27 पैकी 6 पार्सले 30 आणि 31 मे रोजी पोहोचली आहेत, त्यामुळे त्यांचे पैसे यायची वेळच झालेली नव्हती. उरलेली 21 मात्र महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांतली आहेत.

होटगीरोड

त्या 21 पार्सलांचे कुरिअरप्रमाणे वर्गीकरण करून पाहिले आहे का? तक्त्यातली चूक सहसा एकाच कुरिअरच्या एकाच शब्दात असते. पैशांचा उशीर असता तर तो सगळ्यांत थोडाथोडा विखुरलेला दिसला असता.

टॉवेलघर

आत्ताच करून पाहिले. 21 पैकी 20 एकट्या ख कुरिअरची आहेत आणि एक क ची आहे. हे माझ्या आधी लक्षात आले नव्हते.

होटगीरोड

मग ख च्या एका पार्सलाचा सगळा प्रवास इथे द्या. नुसती शेवटची स्थिती देऊ नका, पहिल्या स्कॅनपासून शेवटच्या स्कॅनपर्यंत सगळे द्या. ग्राहकाचे नाव आणि पार्सलचा नंबर काढून टाका.

टॉवेलघर

हे लातूरला पाठवलेल्या दोन चादरींचे पार्सल आहे. ख च्या पोर्टलवरून जसेच्या तसे उतरवले आहे.

```
06-05 11:40  SOLAPUR  Manifested
06-05 19:15  SOLAPUR  Dispatched
08-05 09:50  LATUR    Out for Delivery
08-05 18:20  LATUR    Undelivered
09-05 17:45  LATUR    Undelivered
12-05 10:05  LATUR    Dispatched
14-05 13:05  SOLAPUR  Delivered
```

हे इथे लिहितानाच मला दिसले. शेवटचे `Delivered` सोलापूरचे आहे. म्हणजे पार्सल ग्राहकाला मिळालेलेच नाही, ते आमच्याच दारात परत आले आहे.

होटगीरोड

अगदी तेच. ख कुरिअरच्या दृष्टीने त्यात काहीही चुकीचे नाही. त्यांच्याकडे परतीचा प्रवास हाही एक प्रवासच असतो. तो पाठवणाऱ्याच्या दारात संपतो आणि तिथेही सही घेऊन ‘डिलिव्हरी’ होते. जाताना आणि परतताना ते तेच शब्द वापरतात, आणि दिशा दुसऱ्या रकान्यात ठेवतात. तुमच्या फाइलीत असा एखादा रकाना नक्की असेल, ज्यात `F` आणि `R` किंवा `FWD` आणि `RTO` असे काहीतरी लिहिलेले असते. तुम्ही अहवाल करताना तो काढून टाकला असावा.

क कुरिअर बहुधा `RTO Delivered` असा वेगळा शब्दच वापरत असेल, म्हणून त्यांची परत आलेली पार्सले तुमच्या ‘परत’ गटात बरोबर गेली आणि तुम्हाला वाटले की परतीची सोय झालेली आहे.

टॉवेलघर

हो, क च्या फाइलीत नेमके तेच शब्द आहेत. ख च्या फाइलीत `Type` नावाचा रकाना आहे. सगळीकडे `F` दिसत होते, म्हणून निरुपयोगी समजून मी तो पहिल्याच महिन्यात काढून टाकला होता.

सातरस्ता

ताई, इतके करण्याची गरज नाही. मी आमच्या औषधाच्या एजन्सीत सोपी युक्ती वापरतो. शेवटच्या स्कॅनचे गाव पाहायचे. स्थिती `Delivered` असेल आणि गाव SOLAPUR असेल, तर पार्सल परत आले असे धरायचे. एका अटीत काम होते आणि प्रत्येक कुरिअरचा दिशेचा रकाना शोधत बसावे लागत नाही.

भुईकोट

सातरस्ता, तुमच्या एजन्सीचे ग्राहक सगळे बाहेरगावचे असतील तर हे चालेल. पण टॉवेलघर यांचे ग्राहक सोलापुरातही असणार. जुळे सोलापूरला पाठवलेले पार्सल नीट पोहोचले तरी त्याचे शेवटचे गाव SOLAPUR च असेल, आणि तुमच्या अटीप्रमाणे ते ‘परत’मध्ये जाईल. शिवाय काही कुरिअर गावाऐवजी हबचे नाव लिहितात. त्या हबचे नाव उद्या बदलले की अट कोणाच्याही नकळत निकामी होईल.

सातरस्ता

सोलापुरातल्या ग्राहकांचा मुद्दा मान्य आहे. आमची सगळी पार्सले तालुक्यांना जातात, म्हणून मला ही अडचण कधी आली नाही. तरीही शंका तपासण्यासाठी ही अट उपयोगी आहे असे मला वाटते. पत्ता बाहेरगावचा असून शेवटचे `Delivered` सोलापूरचे असेल, तर काहीतरी चुकले आहे हे नक्की.

होटगीरोड

तपासणीसाठी अवश्य ठेवावी. नियम म्हणून मात्र नको.

आता तक्त्याबद्दल लिहितो. माझी दहा वर्षे एका वितरण कंपनीच्या माहिती विभागात गेली आणि तिथे हेच काम होते. एका शब्दासमोर एक शब्द अशी मांडणी कितीही काळजीपूर्वक केली तरी ती टिकत नाही, कारण कुरिअरचा शब्द एकटा पुरेसा नसतो. तो कोणाचा आहे आणि कोणत्या दिशेच्या प्रवासातला आहे, हे कळल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही. म्हणून तक्त्याची किल्ली तीन भागांची करा: कुरिअर, दिशा आणि मूळ शब्द. ज्यांच्या फाइलीत दिशेचा रकाना नाही, त्यांच्यासाठी दिशेच्या जागी एक रेघ घाला.

```
=A2&"|"&B2&"|"&TRIM(SUBSTITUTE(C2,CHAR(160)," "))
=IFERROR(VLOOKUP(E2,map!A:B,2,FALSE),"अनोळखी")
```

पहिल्या सूत्राने किल्ली तयार होते. ते E2 मध्ये ठेवा. पोर्टलवरून उतरवलेल्या मजकुरात कधीकधी साध्या जागेऐवजी एक वेगळी जागा येते. ती डोळ्यांना साध्या जागेसारखीच दिसते, पण `TRIM` तिला काढत नाही. त्यासाठी `CHAR(160)` चा भाग आहे. मग तुमच्या तक्त्यात `KH|F|Delivered` समोर ‘पोहोचले’ येईल आणि `KH|R|Delivered` समोर ‘परत मिळाले’ येईल.

दुसऱ्या सूत्रातला शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. न जुळलेली स्थिती ‘वाटेत’मध्ये कधीही टाकू नका. तिला ‘अनोळखी’ असे वेगळे घर द्या आणि अहवालात ती संख्या सगळ्यांत वर दाखवा.

भुईकोट

सूत्रातल्या `FALSE` बद्दल माझा अनुभव सांगतो. मी तो शब्द लिहायला विसरलो होतो. तो नसला की एक्सेल जवळपास जुळणारे उत्तर देते, आणि तक्ता अक्षरांच्या क्रमाने लावलेला नसेल तर ते उत्तर कुठल्याही ओळीतले असू शकते. तेव्हा चुकीची खूण दिसत नाही, रकाना भरलेला दिसतो आणि पाहणाऱ्याला सगळे बरोबर वाटते. माझ्याकडे दोन महिने रद्द झालेली पार्सले ‘पोहोचले’मध्ये जात होती.

शेंगाचटणी_सुनंदा

नमस्कार. मी घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवते. माझ्याकडे महिन्याला जेमतेम साठ-सत्तर पार्सले असतात, त्यामुळे शीटमधले मला फारसे कळत नाही. पण ग्राहकांना आपोआप संदेश जातो, त्यासाठी कोणते कुरिअर चांगले? माझ्या संदेशांमुळे ग्राहक रागावतात. ‘तुमचे पार्सल आज घरी येत आहे’ असा संदेश जातो आणि पार्सल तीन दिवसांनी येते. पुण्याच्या एका काकूंनी तर त्या दिवशी ऑफिसातून रजा घेतली होती, त्याचे मला फार वाईट वाटले.

टॉवेलघर

सुनंदाताई, माझा प्रश्न महिन्याच्या अहवालाचा आहे, ग्राहकांच्या संदेशांचा नाही. पण तुमचा संदेश कोणत्या शब्दावर जातो ते सांगाल का? मला वाटते मूळ दोघींचे एकच असावे.

शेंगाचटणी_सुनंदा

माझ्या भाच्याने ते लावून दिले आहे. त्याला विचारून सांगते.

भाचा म्हणतो की कुरिअरकडून `Dispatched` आले की संदेश जातो. आधीच्या कुरिअरला ते बरोबर चालत होते. दिवाळीनंतर कुरिअर बदलले, तेव्हापासून ही गडबड सुरू झाली.

होटगीरोड

सुनंदाताई, टॉवेलघर यांच्या तक्त्यालाही हे उदाहरण लागू पडते. काही कुरिअर `Dispatched` हा शब्द वाटपाच्या मुलाच्या हाती पार्सल दिल्यावर वापरतात, म्हणजे ते खरोखर त्याच दिवशी दारात येणार असते. काहींच्या बाबतीत पार्सल एका हबवरून दुसऱ्या हबकडे निघाले, एवढाच त्याचा अर्थ असतो. टपाल खात्याच्या नोंदीत `Item Dispatched` म्हणजे पार्सल एका कार्यालयातून पुढच्या कार्यालयाकडे रवाना झाले, आणि पोस्टमन घेऊन निघाला की `Out for Delivery` येते. तुमच्या आधीच्या कुरिअरचा अर्थ पहिला असावा आणि आताच्याचा दुसरा. संदेश `Out for Delivery` वर लावायला भाच्याला सांगा, पण नव्या कुरिअरची आठ-दहा जुनी पार्सले आधी उघडून त्यांचा प्रवास वाचायला लावा. शब्दकोशात अर्थ पाहून तक्ता भरता येत नाही. त्या शब्दानंतर पार्सलाचे पुढे काय झाले, हे पाहूनच अर्थ ठरतो.

टॉवेलघर यांनी दिलेल्या लातूरच्या पार्सलातच पाहा. `Dispatched` दोनदा आले आहे, एकदा सोलापूरहून निघताना आणि एकदा लातूरहून परतताना, आणि दोन्ही वेळा अर्थ ‘वाटेला लागले’ एवढाच आहे.

शेंगाचटणी_सुनंदा

मनापासून आभार. भाच्याने दहा पार्सले उघडून पाहिली आणि तुम्ही म्हणता तसेच निघाले. आता संदेश वाटपाच्या दिवशीच जातो. शेंगाचटणी खराब होत नाही, पण माणसे खोळंबतात, त्याची मला काळजी होती.

टॉवेलघर

दिशेचा रकाना परत आणला आणि किल्ली तीन भागांची केली. ख ची 24 पार्सले ‘पोहोचले’मधून ‘परत मिळाले’मध्ये गेली. त्यांतली 19 सीओडीची होती आणि 5 आधीच पैसे भरलेली. त्या 5 ग्राहकांचे पैसे आम्ही परत केलेलेच नव्हते, कारण आमच्या लेखी त्यांना माल मिळालेला होता. आज सकाळी पाचही जणांना फोन करून क्षमा मागितली. दोघांनी आधीच दोन-दोनदा ईमेल केले होते, आणि ‘पार्सल पोहोचले आहे’ असे उत्तर मीच दिले होते.

21 पैकी 19 सुटली. दोन अजून उरली आहेत, एक ख ची आणि एक क ची.

‘अनोळखी’मध्ये 14 पार्सले आली, ती सगळी ग कुरिअरची. त्यांची स्थिती `Shipment On Hold` अशी आहे. हा शब्द एप्रिलपर्यंत त्यांच्या फाइलीत नव्हता. म्हणजे मे महिनाभर ही 14 पार्सले अहवालात ‘वाटेत’ दिसत राहिली आणि कोणीही विचारणा केली नाही.

लेखापाल_काका

‘वाटेत’ या गटावर एक साधी तपासणी ठेवत जा. शेवटचा स्कॅन होऊन सात दिवसांहून जास्त झालेली पार्सले वेगळी काढायची. रस्त्यावरचे पार्सल सात दिवस कुठेच स्कॅन झाले नाही, तर ते वाटेत नसून कुठेतरी पडून आहे असे समजावे. ईशान्येकडची राज्ये किंवा बेटे असतील तर दिवस वाढवा. तुमच्या 14 पार्सलांपैकी किती या तपासणीत सापडली असती, ते पाहा.

टॉवेलघर

काका, 14 पैकी 11 सापडली असती. उरलेल्या तिघांचे शेवटचे स्कॅन ताजे आहेत, कारण ग कुरिअर थांबवलेल्या पार्सलाला रोज पुन्हा तीच स्थिती नोंदवते.

लेखापाल_काका

मग ही तपासणी अपुरी आहे हे कबूल. ‘शेवटचा स्कॅन कधी झाला’ याऐवजी ‘शेवटची स्थिती कधी बदलली’ यावरून दिवस मोजावेत. ही सुधारणा मी माझ्याकडेही करून घेतो.

भुईकोट

उरलेल्या दोन पार्सलांबद्दल विचारतो. तुम्ही दर आठवड्याला चालू फाइल जुन्या शीटमध्ये मिसळता का? तसे असेल तर एकदा ‘पोहोचले’ झालेले पार्सल पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासता का?

टॉवेलघर

नाही. दर शनिवारी फाइल उतरवते आणि जी पार्सले आधीच ‘पोहोचले’ आहेत ती वगळून उरलेली अद्ययावत करते. सगळी तपासायला वेळ पुरत नाही.

भुईकोट

मग ती दोन पार्सले पोर्टलवर आज कोणत्या स्थितीत आहेत ते पाहा.

टॉवेलघर

क चे पार्सल आज ‘परत निघाले’ दाखवत आहे. त्याचा प्रवास असा आहे: 16 मे, शनिवार, सायंकाळी 18:05 ला `Delivered`, आणि 18 मे रोजी सकाळी 10:30 ला `Undelivered`. त्याच शनिवारी रात्री मी फाइल उतरवली, त्यात ते ‘पोहोचले’ होते. त्यानंतर मी ते कधीच उघडले नाही. कुरिअरच्या शाखेत विचारले, तेव्हा वाटपाच्या मुलाने चुकून शेजारच्या पार्सलाऐवजी यावर नोंद केली होती आणि सोमवारी ती दुरुस्त केली, असे समजले.

ख चे पार्सल मात्र आजही `Delivered` आहे, दिशा `F` आहे आणि गाव नांदेड आहे. ग्राहकांनीही पार्सल मिळाल्याचे सांगितले. पैसे आलेले नाहीत.

होटगीरोड

भुईकोट यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले. मी स्वतः अनेक वर्षे असा नियम पाळला की अंतिम स्थिती आली की पार्सल बंद, त्यानंतरचे काही घ्यायचे नाही. त्याला कारणही होते. ज्या भागात मोबाइलला रेंज नसते तिथे मुलगा `Delivered` नोंदवतो आणि त्याआधीच्या हबचे स्कॅन संध्याकाळी एकदम चढतात. फाइलीतली सर्वांत खालची ओळ शेवटची धरली, तर पोहोचलेले पार्सल पुन्हा ‘वाटेत’ जाते. ते टाळण्यासाठी दार बंद केले, आणि टॉवेलघर यांच्या उदाहरणासारख्या दुरुस्त्या बाहेरच राहिल्या.

आता मला असे वाटते की फाइलीतल्या ओळींचा क्रम सोडून द्यावा आणि स्कॅनच्या वेळेप्रमाणे क्रम लावावा. ‘पोहोचले’नंतरच्या वेळेचा हबचा किंवा वाहतुकीचा स्कॅन आला तर तो दुर्लक्षित करावा. मात्र नंतरच्या वेळेचा ‘प्रयत्न फसला’ किंवा परतीच्या दिशेचा स्कॅन आला, तर स्थिती बदलू द्यावी आणि त्या पार्सलावर खूण करावी, म्हणजे कोणीतरी माणूस ते उघडून पाहील. अशी पार्सले मोजकी असतात. शनिवारी वेळ पुरत नसेल, तर निदान गेल्या पंधरा दिवसांतली ‘पोहोचले’ पार्सले पुन्हा घ्या.

लेखापाल_काका

नांदेडच्या पार्सलाबद्दल लिहितो. इथे तक्ता बरोबर आहे आणि पैसेच आलेले नाहीत, म्हणून यापुढचे काम हिशेबाचे आहे. कुरिअरच्या पैशांच्या विवरणात पार्सलाचा नंबर शोधा. तो विवरणात असेल आणि रक्कम शून्य असेल, तर तुमच्या बुकिंगमध्ये ते सीओडी म्हणून चढलेच नसेल. नंबरच नसेल तर लेखी तक्रार करा. अहवालातली ‘पोहोचले’ ही संख्या आणि विवरणातली ओळींची संख्या दर महिन्याला नंबरानुसार जुळवली पाहिजे. नुसत्या बेरजा जुळवू नका, कारण एक जास्त आणि एक कमी असले तरी बेरीज जुळते.

नवीपेठ_नितीन

नंबरावरून आठवले. एका कुरिअरचे नंबर 16 आकडी आहेत. फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की शेवटचा आकडा शून्य होतो आणि कोणताच नंबर जुळत नाही. तो रकाना मजकूर म्हणून आयात करावा लागतो.

भुईकोट

हो, एक्सेल संख्येचे 15 आकडेच सांभाळते. शून्य झालेला आकडा नंतर परत आणता येत नाही, मूळ फाइल पुन्हा घ्यावी लागते.

पूर्वभाग

चर्चा वाचली. मूळ प्रश्नातला पहिला भाग, समाईक यादीत किती स्थिती असाव्यात, तो मागे राहिला आहे. आमचे यंत्रमागाचे काम आहे, पण मालक म्हणून अहवाल मीच वाचतो, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो. मला चारच आकडे हवे असतात: पोहोचले, परत, वाटेत आणि अडकले. त्याहून जास्त रकाने असले की मी अहवाल बाजूला ठेवतो.

होटगीरोड

वाचण्यासाठी चार पुरेत, ठेवण्यासाठी नाहीत. मी दहा ठेवतो: नोंद झाली, उचलले, वाटेत, वाटपाला निघाले, पोहोचले, प्रयत्न फसला, परत निघाले, परत मिळाले, अडकले आणि रद्द. ‘अनोळखी’ ही स्थिती नसून तक्ता अपुरा असल्याची खूण आहे, म्हणून तिला यात धरत नाही. या दहांचे चार गट दुसऱ्या छोट्या तक्त्याने करायचे. उलटे करता येत नाही. एकदा ‘परत निघाले’ आणि ‘परत मिळाले’ एकत्र ‘परत’ केले, की माल गोदामात आला की अजून रस्त्यावर आहे, हे सांगता येत नाही. आणि कुरिअरचा मूळ शब्द आहे तसा शेजारच्या रकान्यात ठेवाच. आज लातूरच्या पार्सलाचे उत्तर मूळ शब्दांमुळेच मिळाले.

पूर्वभाग

दोन पायऱ्यांची मांडणी पटली. पण `Pending` चे काय करता? आमच्या कुरिअरकडून तो शब्द सारखा येतो. कधी पार्सल वाटप केंद्रावर येऊन पडलेले असते, कधी मुलगा दारापर्यंत जाऊन आलेला असतो. मुलगा दारापर्यंत गेला की नाही, यावर ग्राहकाशी वाद होतात.

होटगीरोड

कारणाचा रकाना असेल तर त्यावरून ओळखता येते, आणि मग कारण हा किल्लीचा चौथा भाग करावा लागतो. कारण रिकामे असेल तर मी ‘वाटेत’ धरतो, ग्राहकाने नाकारले किंवा घर बंद असे काही लिहिलेले असेल तर ‘प्रयत्न फसला’ धरतो.

सातरस्ता

इथे मी सहमत नाही. ‘ग्राहकाने नंतरची तारीख मागितली’ हे कारण तुम्ही कुठे टाकाल? आमच्या दोन डॉक्टरांनी शपथेवर सांगितले की त्यांना फोनसुद्धा आला नव्हता, आणि नोंद मात्र तशी होती. हे ‘प्रयत्न फसला’मध्ये टाकले, तर झालेलाच नसलेला प्रयत्न आपल्या अहवालात प्रयत्न म्हणून मोजला जातो.

होटगीरोड

त्या कारणाबद्दल माझ्याकडेही समाधानकारक उत्तर नाही. त्याआधी त्याच दिवशी `Out for Delivery` नसेल तर मी प्रयत्न मोजत नाही. असेल तर मोजतो. तरीही त्यात काही खोट्या नोंदी राहतातच, हे मान्य करतो.

टॉवेलघर

सर्वांचे आभार. मे महिन्याचा अहवाल पुन्हा केला. 640 पैकी पोहोचली 546, परत 53, वाटेत 27 आणि अडकलेली 14. आधी 571 लिहिले होते, त्यातली ख ची 24 परत आलेली होती आणि क चे एक परतीच्या वाटेवर आहे. 53 पैकी किती माल गोदामात प्रत्यक्ष आला, हे मोजण्यासाठी आज दुपारी आम्ही दोघीजणी परतीचा कोपरा उघडत आहोत. लातूरच्या दोन चादरी तिथेच, वरच्या थरात, कुरिअरच्या पिशवीसकट सापडल्या. पिशवीवर परतीचा तांबडा शिक्काही होता.

नांदेडच्या पार्सलाचा नंबर पैशांच्या विवरणात नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे लेखी तक्रार दिली आहे. उत्तर आले की इथे लिहीन.

`Pending` साठी तूर्त सातरस्ता यांचे म्हणणे आणि होटगीरोड यांचा नियम असे दोन्ही वेगळ्या रकान्यांत ठेवले आहेत. जून संपल्यावर दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहते.